रहेगी, सहेगी, कहेगी

यमक जुळवता येणाऱ्या माणसाला आपण कवी आहोत असं का वाटतं, हे मला आजवर कळलेलं नाही. पोळी गोल लाटता येते म्हणून कोणी स्वतःला सूर्य समजत नाही. पण दोन ओळींच्या शेवटी 'दिल' आणि 'महफिल' बसवले की माणूस मान तिरपी करून दाद मागायला लागतो. असा एक नमुना आमच्या नात्यात आहे. माझ्या भाचीचा मामा, म्हणजे माझ्या वहिनीचा धाकटा भाऊ. शहराबाहेर वाडीला त्याचं ट्रान्सपोर्टचं गोडाऊन आहे आणि ट्रक भरेपर्यंतच्या रिकाम्या वेळात तो हिंदीत शायरी करतो. ट्रक भरायला फार वेळ लागतो.

माझं स्वतःचं पोट भाषांतरावर चालतं. रामदासपेठेतल्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून मी जाहिरातींची आणि मालिकांची गाणी हिंदीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत नेते. काम देणारे लोक फोनवर सांगतात, "मॅडम, मीनिंगचं एवढं टेन्शन घेऊ नका, फक्त राइम जमवा." साबणाच्या गाण्यात मी जमवून देतेही. साबणाचा अर्थ बिघडला तर कोणाचं घर बसत नाही.

पण गेल्या वर्षी हे काम आमच्या घरात आलं.

माझा भाऊ वारला तेव्हा त्याची मुलगी कॉलेजात होती. तिचं लग्न जबलपूरच्या मुलाशी ठरलं. माणसं चांगली, हिंदी बोलणारी, मराठी अजिबात न कळणारी. आणि आमच्याकडे एक रीत आहे. आधी साखरपुड्याला आणि मग लग्नात मुलीला निरोप देताना तिची आई विहिणीसमोर उभी राहून एक ओवी म्हणते. ती ओवी तिची स्वतःची, तिनेच बांधलेली. एरवी मुलीकडच्यांना तोंडातून शब्द काढायची सोय नसते, सगळं गोड हसून झेलायचं असतं. त्या ओवीत मात्र आईला जे मागायचं ते मागता येतं आणि विहिणीला तिथल्या तिथे त्याचं उत्तर द्यावं लागतं. दिलेलं उत्तर शब्द दिल्यासारखं मानतात. माझ्या आईने ओवीत सांगितलं होतं की माझ्या लेकीला पुस्तकं वाचू द्या. माझ्या सासूने मान डोलावली होती आणि पुढे कुरकुरत का होईना ते पाळलं.

वहिनीने साखरपुड्याच्या आधी ओवी बांधली आणि मला म्हणून दाखवली.

लेक माही बडबडी,
तिच्यासंगं लागे गोडी,
मुकी झाली एक घडी,
पुसा तिले.

मी ऐकत राहिले. तीन चरण आठ-आठ अक्षरांचे, तिन्हींच्या शेवटी 'डी', आणि मग तो चार अक्षरांचा अर्धा चरण. त्याला यमक नाही. ओवीची हीच तऱ्हा आहे. तीन ओळी झोका देतात आणि अर्धी ओळ पाय जमिनीवर टेकवते. जे खरं सांगायचं ते तिथे असतं.

आणि वहिनीला काय सांगायचं होतं ते मला ठाऊक होतं. माझा भाऊ जायच्या आधी आठवडाभर गप्प होता. तोही असाच बडबड्या माणूस, घर डोक्यावर घेणारा. तो गप्प झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी वहिनीला विचारलं, काय झालं त्याला? वहिनीने त्याच्या मित्राला विचारलं. त्याला कोणीच विचारलं नाही. छातीत दुखत होतं. पोरगी त्याच्यावर गेली आहे.

"विहीणबाईले हे समजलं पायजे ताई," वहिनी म्हणाली. "बाकी काही नाही दिलं तरी चालते."

हे हिंदीत न्यायचं काम हक्काने मामाने उचललं. त्याने मला विचारलंही नाही. साखरपुड्याला जरीचं जाकीट घालून आला, माइक घेतला, घसा साफ केला आणि म्हणाला, "दीदी के बोल, हिंदी हमारी."

मेरी चिड़िया चहकेगी,
घर-आँगन में महकेगी,
चुप रहेगी, सब सहेगी,
कुछ न कहेगी।

टाळ्यांनी हॉल दणाणला. मी कपाळावर हात मारला. रहेगी, सहेगी, कहेगी! हिंदीत ही यमकं भाजीबरोबर फुकट मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखी असतात, मागावीही लागत नाहीत. यमकाने बोट धरलं आणि हा पठ्ठ्या त्याच्यामागे चालत गेला, कुठे पोचलो ते बघितलंच नाही. वर त्या अर्ध्या चरणालाही यमक चिकटवलं. आई म्हणत होती, गप्प झाली तर विचारा. हा सांगून बसला, गप्प राहील, सोसेल, विचारायची गरज नाही. आईच्या तोंडून मुलीला छळायचा परवाना!

आणि रीतीप्रमाणे उत्तर आलं. जबलपूरची विहीण डोळे पुसत उठली आणि म्हणाली, "कितनी सुंदर बात कही. ऐसी ही सहनशील बहू चाहिए थी हमें." तिची काही चूक नव्हती, तिला जे सांगितलं त्याला तिने उत्तर दिलं. माझी भाची मान खाली घालून बसली होती. वहिनीला हिंदी चांगली समजते. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मी पाहिला.

पंगत उठल्यावर मी मामाला गाठलं. "भाऊ, अर्थ उलटा झाला."

"ताई, तुमी काहून टेन्शन घेऊन राहिल्या? कवितेत अर्थ थोडा इकडेतिकडे होतेच. लोकाइले मजा आली ना?"

लोकांना मजा आली. हे वाक्य म्हणणाऱ्याला मी साबणाच्या गाण्यांनाही ठेवणार नाही.

लग्नाच्या वेळची ओवी मी करते, असं वहिनीला सांगितलं. पहिल्या दिवशी रागाच्या भरात मी यमकाची अशी काही जिरवली की फक्त अर्थ शिल्लक ठेवला: मेरी बेटी बहुत बोलती है, उसका साथ अच्छा लगता है, कभी थोड़ी देर भी चुप हो जाए तो उससे पूछिए. एक शब्द इकडचा तिकडे नाही. वहिनीने ते ओवीच्या चालीत म्हणून पाहिलं, दुसऱ्याच ओळीत अडकली आणि आम्ही दोघी हसायला लागलो.

"ताई, हे कसं गाऊ? स्टेशनवर गाडीची सूचना देऊन राहिल्यासारखं वाटते."

खरं होतं. गायलं गेलं नाही तर ती ओवीच नाही, आणि ओवी नाही तर विहिणीवर उत्तराचं बंधनही नाही. म्हणजे चाल सोडायची नाही. आठ, आठ, आठ, चार हे राहायलाच हवं. पण तिथेही हिंदी पाय ओढते. आपण ओवीत 'लेक' म्हणताना 'क' पुरता गातो, दोन अक्षरं भरतात. हिंदी कानाला तो 'क' अर्धाच लागतो. त्यामुळे कागदावर आठ अक्षरं मोजून काही उपयोग नाही, तोंडात आठ ठोके पडले पाहिजेत. शिवाय ओळीच्या शेवटी लांबवायला दीर्घ स्वर हवा, नाहीतर चाल भिंतीवर आपटते. पहिल्या दोन ओळी या हिशेबाने नीट बसल्या.

बिटिया मेरी बातूनी,
लागे मीठी इसकी बानी,

तिसरीसाठी 'नी' हवा होता. रानी, पानी, अनजानी, नादानी असे सगळे ओळखीचे भामटे दारात येऊन उभे राहिले. 'करे अगर आनाकानी' तर इतकं चपखल बसत होतं की मामाने मला जाकीट चढवलं असतं. पण आनाकानी करणारी मुलगी हट्टी होते, गप्प होत नाही. मी एकेकाला हाकलून दिलं आणि लिहिलं:

चुप हो जाए घड़ी भर भी,

यमक गेलं. 'ई'चा सूर तेवढा राहिला, झोका पूर्ण तुटू नये इतपत. 'एक घडी'तली घडीही जागेवर राहिली.

अर्ध्या चरणासाठी मला 'पूछिएगा' सुचलं. चार ठोके, शेवटी लांब 'गा', त्यात अदब. मी खूश होऊन वहिनीला फोनवर म्हणून दाखवलं.

"कोणाले पूछिएगा?" तिने विचारलं. "तिच्या नवऱ्याले विचारतील. मले फोन करतील. तिले कुठं आहे यात?"

माझी खुशी तिथेच उतरली. आमच्या घरात ज्या एका शब्दावाचून माणूस गेला तो शब्द मी सुरेलपणासाठी सोडून देत होते. मी 'उससे पूछें' केलं. कानाला कोरडं लागतं, 'गा'सारखं लांबवता येत नाही, पण 'तिले' आहे. आदरही आहे. वहिनीने दोनदा म्हटलं आणि म्हणाली, आता बसलं.

लग्नाच्या दिवशी मामा पुन्हा माइक धरून होता. वहिनीने तो त्याच्याकडून काढून घेतला आणि बाजूला ठेवला. विहिणीसमोर उभी राहिली. आधी आपली वऱ्हाडी ओवी म्हटली, मग हिंदीतली. तिसऱ्या ओळीला मामाने दाद द्यायला हात वर नेला आणि यमक न सापडल्यामुळे तो तसाच हवेत राहिला. 'उससे' वर वहिनी थांबली, ठोका दाबून म्हटला आणि मग 'पूछें'.

कोणी टाळी वाजवली नाही. विहीण वहिनीकडे पाहत राहिली. मागच्या वेळी ऐकलेलं आणि आत्ता ऐकलेलं तिच्या डोक्यात एकमेकांवर आदळत असावं. उत्तर देणं भाग होतं. मग ती वहिनीसमोरून भाचीकडे वळली. माझी भाची सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं होतं देव जाणे. विहिणीने मुलाकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाहिलं नाही. भाचीची हनुवटी वर केली.

"बोल बेटा. चुप क्यों है?"

"कुछ नहीं, मम्मीजी."

मला वाटलं, झालं, संपलं. पण ती बाई हलली नाही. "कुछ तो है," म्हणाली, आणि वाट बघत राहिली.

"डर लग रहा है," भाची म्हणाली, आणि मोकळी रडली. विहिणीने तिला जवळ घेतलं. वहिनी खुर्चीवर बसली आणि पदराने तोंड पुसलं.

मामा माझ्या कानाशी वाकला. "ताई, बाकी ठीक होतं, पण तिसऱ्या ओळीत यमक तुटलं तुमचं."

"तुटलं नाही भाऊ," मी म्हटलं, "मी तोडलं."