ड्रायव्हरचा पगार

कवठे महांकाळात आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. गावोगाव पोती पोचवायला महिन्याला तीस खेपा होतात. भाड्याचा टेम्पो खेपेला आठशे घेतो, म्हणजे चोवीस हजार. स्वतःची गाडी घेतली तर हप्ता, डिझेल, विमा, टायर-दुरुस्ती धरून एकवीस. पण ड्रायव्हरचे बारा हजार मिळवले की सगळा तोटाच. मी सासूबाईंना म्हटलं, नाद सोडा.

माझ्या सासूबाई गुणमाला कुणाचं ऐकणाऱ्या नव्हेत. एक्कावन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या, लायसन काढलं आणि मगच गाडी घेतली.

पहिल्या खेपेला अर्जुनादादांच्या गोठ्यावर गेलो. दादांनी केबिनमध्ये वाकून बघितलं.

“काकू, ड्रायव्हर कुठं हाय?”

“त्याचा पगार परवडत न्हाई,” सासूबाई म्हणाल्या, आणि आरशात बघत एका दमात त्यांनी गाडी मागं घेऊन गोठ्याच्या दाराला लावली.