रानात वाट चुकण्याचे नियम

फासे टाकून खेळायच्या आमच्या कथाखेळासाठी रानातल्या प्रवासाचे नियम मी तीन आठवडे खपून लिहिले. खेळातल्या प्रत्येक दिवशी एक फासा हवामानाचा, एक वाटेचा. वाट चुकली तर कुठल्या दिशेला, हे खेळ चालवणारा म्हणून मी गुपचूप ठरवायचं.

वाशीमला मित्राच्या कापडदुकानाच्या माडीवर पहिल्याच खेळात फाशावर धुकं पडलं आणि चौघे खेळाडू वाट चुकले. शिदोरी दोनच दिवसांची उरली होती. गुप्तता पाळण्याच्या नादात मी त्यांची दिशा टिपायलाच विसरलो.

"आमी कुठं आहो, तुले तरी मालूम आहे का बे?" दुकानदार मित्रानं विचारलं.

मी गंभीर चेहऱ्यानं अवचित भेटींचा फासा टाकला. यादीतला धनगर निघाला. चौघांनी हर्षानं त्यालाच रस्ता विचारला. त्याच्या वतीनं बोलणारा अर्थातच मी.

"मीबी कालपासून हेच शोधून राह्यलो, भाऊ," धनगर म्हणाला, "खायले काही आहे का?"