पाच हजार चाळीसची नेमणूक

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर आमच्याकडे मराठवाड्यात शाळा निघाल्या त्या निकडीपोटी. मराठीत शिकायला मिळावं म्हणून लोकांनी आपल्या ओसऱ्या मोकळ्या करून दिल्या. पुढच्या पिढीत ज्यांनी शाळा काढल्या त्यांची निकड वेगळी होती. त्यांना अध्यक्ष व्हायचं होतं. औरंगाबादेत हर्सूलच्या बाजूला मी ज्या शाळेत गणित शिकवत असे, ती या दुसऱ्या प्रकारातली. अध्यक्ष पैठण तालुक्यातले मोठे बागाईतदार. शाळेच्या प्रत्येक खोलीत त्यांचा फोटो होता. प्रयोगशाळेत तर सूक्ष्मदर्शक नव्हता, पण फोटो दोन होते.

गणिताची एक जागा निघाली. कायमची जागा. रीतसर जाहिरात दिली, रीतसर मुलाखती ठरल्या आणि अध्यक्षांचा भाचा आठवडाभर आधीच शिक्षकांच्या खोलीत येऊन आपली खुर्ची बघून गेला. तरीही एक बाई पाचोडहून एस.टी.ने आल्या. पदवी चांगली, अध्यापनाची परीक्षा पास, आणि आजवरची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या रजेच्या जागांवर. कुणी बाळंतपणाहून परत आलं की यांची नोकरी संपायची. ही जागा मिळाली नाही तर पुन्हा कुणाच्या तरी आजारपणाची वाट बघायची, एवढा सरळ हिशेब होता.

निवड समितीत अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि मी. आमच्याकडे उमेदवाराला वर्गावर पाठ घ्यायला लावायची पद्धत होती. समिती मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. मुख्याध्यापकांनी सातवीच्या पुस्तकातून एकच उदाहरण दोघांना दिलं: एक ते दहापर्यंतच्या प्रत्येक संख्येनं निःशेष भाग जाईल अशी सर्वांत लहान संख्या शोधा. एकच उदाहरण, एकच वर्ग. निष्पक्षपातीपणाची त्यांना फार हौस.

भाचा आधी उभा राहिला. आवाज मामांचाच. एक ते दहा आकडे लिहून तो म्हणाला, "लहान आकडे मोठ्यांच्या पोटात असतात. दोन, चार गेले आठात. तीन गेला नवात. पाच गेला दहात. सहाला लागणारे दोन आणि तीन बी आलेच. मग उरलं काय? सात, आठ, नऊ, दहा. करा गुणाकार!" सात आठे छप्पन्न, त्याला नवानं गुणून पाचशे चार, दहानं गुणून पाच हजार चाळीस. उत्तराभोवती त्यानं मोठी चौकट काढली. अध्यक्षांनी टाळी वाजवली. वर्गानं वाजवली. मुख्याध्यापकांनी सर्वांत शेवटी, पण सर्वांत जास्त वेळ वाजवली. मग फळा पुसून भाचा मामांशेजारी येऊन बसला.

बाई बाहेर व्हरांड्यात होत्या. आत काय झालं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि कोण कोणाचा भाचा हेही नाही. त्यांनी प्रत्येक आकड्याचे मूळ अवयव पाडायला मुलांनाच फळ्यापाशी बोलावलं. चार म्हणजे दोनचा वर्ग, आठ म्हणजे दोनचा घन, नऊ म्हणजे तीनचा वर्ग, सहा म्हणजे दोन गुणिले तीन, दहा म्हणजे दोन गुणिले पाच. मग विचारलं, "दोन सर्वांत जास्त वेळा कुणाला लागतो?"

"आठाला! तीनदा!"

"मग दोन तीनदाच घ्यायचा. तेवढ्यात दोनचं, चारचं, सहाचं, दहाचंसुद्धा भागतं. तीन कुणाला जास्त लागतो?"

"नवाला, दोनदा."

पाच एकदा, सात एकदा. आठ नव्वे बहात्तर, पाचानं गुणून तीनशे साठ, सातानं गुणून दोन हजार पाचशे वीस.

पुढच्या बाकावरच्या मुलीचा हात वर गेला. "बाई, मघाच्या सरांचं तर पाच हजार चाळीस आलं होतं."

मुख्याध्यापक खोकले.

"असं? बघू या की," बाई उत्साहानं म्हणाल्या. "त्याला एक ते दहा सगळ्यांनी भाग जातो का? जातो. पण आपल्याला सर्वांत लहान हवी. दहातला दोन आठात आधीच आलाय, तो त्यांनी पुन्हा घेतला. एक दोन जास्त झाला, म्हणून उत्तर दुप्पट. ही चूक खूप जण करतात हं."

खूप जणांपैकी एक मागच्या बाकावर बुटांकडे बघत होता. बाईंनी नोकरी तिथंच घालवली, आणि अगदी बरोबर रीतीनं घालवली.

नंतर समिती मुख्याध्यापकांच्या खोलीत बसली. चहा आला.

"तर काय म्हणता, मास्तर?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"अण्णा, बाईंचं उत्तर बरोबर आहे."

"आन् पोराचं? भाग जात नाय का त्याला?"

"जातो."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. पण त्याच्या निम्म्यालाही जातो."

"मग निम्मं कशाला करायचं? आख्खं हाय ना!"

मुख्याध्यापकांना हा मुद्दा पटला. ते म्हणाले, "दोन्ही संख्या विभाज्य आहेत. फरक केवळ दृष्टिकोनाचा. आणि अण्णा, व्यापक दृष्टीनं पाहिलं तर मोठी संख्या..."

"सर," मी म्हणालो, "प्रश्नात 'सर्वांत लहान' असं लिहिलंय. प्रश्न तुम्हीच निवडलात."

"पुस्तकातला आहे," ते घाईनं म्हणाले.

अध्यक्षांनी बशीतला चहा संपवला. ते मूर्ख नव्हते. आमच्या तिघांत बहुधा तेच सर्वांत स्पष्ट विचार करत होते.

"मास्तर, पोराला येत नाय हे मला ठावं हाय. मी मामा हाय त्याचा. त्या बाईंना लई चांगलं येतं. व्हय ना? मग त्यांना कुठं बी नोकरी मिळंल. ह्याला मी नाय दिली तर कोण देईल?"

या युक्तिवादाला गणितात उत्तर नाही. मी शेऱ्याच्या जागी 'पहिल्या उमेदवाराचं उत्तर चूक' असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी त्याखाली 'परंतु होतकरू' असं लिहून समितीचं एकमत घडवलं.

बाईंना निकाल व्हरांड्यातच सांगितला. मुख्याध्यापक म्हणाले, "पाठ उत्तम झाला. पण पहिल्या उमेदवाराशी आपली तुलना जरा कठोर वाटली."

"कोणती तुलना, सर? मी तर उत्तर सांगितलं."

"तेच."

त्यांनी पदर झटकला, खडूची भुकटी उडाली. "पाचोडची गाडी किती वाजता आहे?" एवढंच विचारलं आणि निघाल्या. पुढे चितेगावकडच्या एका शाळेत त्या लागल्याचं ऐकलं. तिथंही रजेच्याच जागेवर.

भाचा रुजू झाला. सहामाहीचे पेपर मी तपासायला घेतले तेव्हा तेच उदाहरण आलेलं होतं. त्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी दोन हजार पाचशे वीस लिहिलं होतं. बाईंनी तो वर्ग एकदाच शिकवला होता, पण पुरला होता. फक्त भाच्याच्या खासगी शिकवणीला जाणाऱ्या मुलांनी पाच हजार चाळीस लिहिलं होतं, चौकटीसकट. मी त्यांचे गुण कापले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून ते परत द्यायला सांगितलं.

"कशाबद्दल द्यायचे?" मी विचारलं.

ते थोडा वेळ भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चौकटीबद्दल द्या."