आरपार गेलेली रेघ

इस्पितळाच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत त्याला सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. स्कॅन केलेली जुनी पानं वाचून त्यातला मजकूर संगणकात उतरवायचा, हे त्याचं काम. कुणाला अक्षर लागलं नाही की हाक यायची, “दुर्बीण, जरा बघ रे.” मग हा चष्मा कपाळावर सरकवून, मान तिरकी करून, चुटकीसरशी वाचून दाखवायचा. त्याला या नावाचा राग नव्हता. उलट आतून तो पार सुखावायचा, आणि माणूस असा सुखावला की जरा सैल होतोच.

जुन्या नोंदवह्यांचा कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ. लिहिलेलं दोन्ही बाजूंनी, शाई जहाल. ती वर्षानुवर्षं कागदात मुरत पलीकडे उतरलेली. मूळ पानावर पलीकडची शाई फिकट, तपकिरी, कडांना पसरलेली दिसते. पण स्कॅन निव्वळ काळ्या-पांढऱ्यात केलेले होते, फाइल लहान राहावी म्हणून. त्यात फिकं-गडद हा भेदच उरत नाही. अलीकडचं आणि पलीकडचं, सगळं सारखंच काळं. पलीकडची अक्षरं मात्र उलटी उमटतात, म्हणून दुर्बीण ती झटक्यात बाजूला काढायचा.

इस्पितळाने जुन्या परिचारिकांची नावं दर्शनी भिंतीवर लावायचं ठरवलं, तेव्हा साठीच्या एक बाई त्याच्याकडे आल्या. “आईचं नाव आहे ना बघता का? नव्वदीची आहे. तिला आणून दाखवायचंय.”

दुर्बिणीने पान उघडलं. नाव होतं, आणि नावावरून एक जाड रेघ गेली होती.

“नाव खोडलंय,” तो म्हणाला. “म्हणजे नोकरीवरून कमी केलेलं.”

“नीट बघा हो. आईने तर सांगितलं, लग्नानंतर तिने स्वतःच सोडली.”

“बाई, वीस वर्षं हेच वाचतोय.”

खोडलेल्या नावापुढे मेट्रनची, म्हणजे मुख्य परिचारिकेची, आद्याक्षरं असायची, ती इथे नव्हती. हे त्याला दिसलं होतं. मेट्रन विसरली असेल, म्हणून त्याने सोडून दिलं. खोडलेलं नाव पानाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय पक्कं करायचं नाही, हा नियम तर त्यानेच नवख्यांना शिकवलेला. पण मागच्या बाजूंचे स्कॅन पुढच्या गठ्ठ्यात होते आणि समोर बाई ताटकळत होत्या. बाई निघून गेल्या.

काही आठवड्यांनी ती मागची बाजू त्याच्यासमोर आली. तिथे दुसऱ्याच कुणाचं तरी नाव खोडलेलं, पुढे मेट्रनची आद्याक्षरं, अगदी त्याच उंचीवर. त्याने ती प्रतिमा आडवी उलटवून पहिल्या पानावर ठेवली. रेघ रेघेवर तंतोतंत बसली. अक्षर उलटं झालं की ओळखू येतं; रेघेला उलटं-सुलटं कुठलं असायला? मूळ वही काढून त्याने पान पाहिलं. नाव काळंभोर, आणि त्यावरची रेघ फिकट तपकिरी. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

त्याने नोंद दुरुस्त केली, साहेबांना सांगितलं आणि पानाची रंगीत प्रत घेऊन त्या बाईंचं घर गाठलं. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. लाजेने त्याचे कान तापले होते.

बाईंनी दारातच सगळं ऐकून घेतलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी घरी येऊन आईला विचारलं,” त्या म्हणाल्या. “रागानेच विचारलं. आम्हाला खोटं का सांगितलंस म्हणून. आधी नाही म्हणाली. मी दोन-तीनदा विचारलं, तेव्हा म्हणाली, असेल बाई, माझ्याच हातून काहीतरी झालं असेल. आता तिला तेच खरं वाटतं. तुम्हीच सांगा तिला.”

आतल्या खोलीत म्हातारी खिडकीशी बसली होती. दुर्बीण तिच्यासमोर स्टुलावर टेकला.

“सिस्टर, तुमचं नाव कुणी खोडलेलं नाही. ती रेघ पानाच्या मागच्या बाजूची. शाई आरपार आली होती. चूक माझी झाली, मी नीट पाहिलं नाही.”

तिने प्रत हातात घेतली, स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. “तुमची चूक?”

“हो.”

“मग तुम्हाला काढतील का कामावरून?”

“नाही, सिस्टर.”

“बरं. लेकराबाळांचे असाल.” तिने प्रत घडी करून मांडीवर ठेवली. मग ती पुढे झुकली आणि लेकीला ऐकू जाऊ नये अशा बेताने, खालच्या आवाजात म्हणाली, “तुम्ही वही वाचलीत ना? मग सांगा. मी नेमकं काय केलं होतं?”