अत्तर कंपनीचे संस्थापक

आमच्या अत्तर कंपनीचा दफ्तरखाना सांभाळणाऱ्या बाई तोंडाने फटकळ. शताब्दीसाठी मालकांनी त्यांना आपल्या संस्थापक आजोबांची माहिती काढायला सांगितली. बाई वार्षिक अहवाल उलट्या क्रमाने वाचत गेल्या, तसे आजोबा झिजत गेले. पंचाहत्तराव्या वर्षी 'संस्थापक', पन्नासाव्या वर्षी 'संस्थापकांपैकी एक', पंचविसाव्या वर्षी 'जुने कारकून'. पहिल्या अहवालात त्यांचा पत्ताच नव्हता.

मग बाईंनी कंपनी नोंदणी कार्यालयातून स्थापनेच्या मूळ दस्ताची नक्कल आणली. संस्थापक म्हणून एका नणंद-भावजयीच्या सह्या होत्या, आणि धंदा हाडं उकळून चिकटवायचा सरस बनवण्याचा. आजोबांची सही होती, पण खाली, साक्षीदार म्हणून.

मालकांचा चेहरा पडला. "मग दारातल्या आजोबांच्या पुतळ्याचं काय करायचं?"

"असू दे की," बाई म्हणाल्या. "साक्षीदाराने नुसतं उभंच राहायचं असतं."