काकूच्या ताटातले सहा ऋतू

आमच्या काकांना मी ऋतुराज म्हणते. तोंडावर म्हणते, आणि त्यांना तो गौरव वाटतो.

पस्तीस वर्षं ते एका वैद्यांच्या दवाखान्यात औषधं कुटायला आणि पुड्या बांधायला होते. परीक्षा एकही दिली नाही, पण ऐकून ऐकून अर्धा ग्रंथ पाठ. निवृत्त झाल्यावर या ज्ञानाचं काय करायचं हा प्रश्न होता. तो काकूवर सोडवला गेला. बाकी घरात होतं कोण? मी. आणि मी पडले आहारतज्ज्ञ, इस्पितळातल्या पाच नंबरच्या खोलीत बसून लोकांना तक्ते देणारी. म्हणजे काकांच्या मते वाया गेलेली.

काकांचं वर्ष सहा ऋतूंचं आणि सहा पुड्यांचं. हिरड्याची पूड बारा महिने, फक्त तिचा सोबती बदलायचा: उन्हाळ्यात गूळ, पावसाळ्यात सैंधव, पावसाळा सरला की साखर, थंडी सुरू झाली की सुंठ, थंडी कडक झाली की पिंपळी, आणि वसंतात मध. ताटही तसंच फिरायचं. उन्हाळ्यात गोड, गार, पातळ. तिखट-आंबट-खारट बंद, व्यायाम बंद, आणि दुपारची झोप सक्तीची. ग्रंथाने नुसती परवानगी दिली होती, सक्ती काकांची. थंडीत भूक दणकट असते म्हणून तूप, उडीद, तीळ, अंगाला तेल. गेल्या थंडीत या दणकट भुकेने काकूचं वजन तीन किलोंनी वाढवलं. ते बळ आहे, असं मला सांगण्यात आलं.

माझं शहाणपण याच्या अगदी उलट. माझ्या तक्त्याला ऋतूच माहीत नव्हता. इतक्या कॅलरी, इतकी प्रथिनं, दोन्ही वेळा वाटीभर कच्ची कोशिंबीर, दिवसभरात मीठ सपाट एक चमचा. बाहेर ऊन असो की चिखल, तक्ता तोच. गंमत म्हणजे पावसाळ्यात पाणी उकळून प्यावं, शिळं टाळावं, अन्न गरम खावं, हे आम्ही दोघंही सांगत होतो. ते जाठराग्नी मंद असतो म्हणून, मी जंतू वाढतात म्हणून. पण एकाच गोष्टीवर एकमत झालं हे कबूल करायला दोघांचीही जीभ रेटत नव्हती.

काकूला रक्तदाब होता. डॉक्टरांनी गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. मी तिला एक वही करून दिली: काय खाल्लं ते लिहायचं, नियम पाळला की समोर बरोबरची खूण. काकू रोज वही भरायची. पानंच्या पानं खुणांनी हिरवीगार. एवढी आज्ञाधारक रुग्ण माझ्या खोलीत कधी आली नव्हती. मी ती वही इतर रुग्णांना नमुना म्हणून दाखवायचे.

आणि पावसाळा लागला. या ऋतूत वात खवळतो आणि अग्नी मंदावतो, म्हणून हलकं, गरम, थोडं स्निग्ध, थोडं आंबट-खारट खावं, असं शास्त्र. काकांनी 'थोडं' वगळून बाकी सगळं घेतलं. सकाळी कोमट पाण्यात सैंधव, हिरड्यात सैंधव, दोन्ही जेवणांना मुगाचं सैंधव घातलेलं कढण, वर मुरवलेलं खारं लिंबू. मी सकाळी इस्पितळात गेलेली रात्री उशिरा परतायचे, त्यामुळे मला यातलं फक्त सकाळचं पाणी दिसायचं. त्यावर मी बोलले, तर काका म्हणाले, सैंधव म्हणजे काय मीठ आहे? मी म्हटलं, मीठच आहे, खाणीतलं. ते माझ्याकडे दयेने बघून पुडी बांधायला गेले.

महिनाभरात काकूचा रक्तदाब चढला. डॉक्टरांनी विचारलं, मीठ कमी केलंय ना? मी छाती पुढे काढून वही दाखवली. मग गोळीत काहीतरी कमी पडत असणार, असं म्हणून त्यांनी डोस वाढवला. पंधरा दिवसांनी आणखी वाढवला. एका दुपारी काकू जिना चढताना मधल्या पायरीवर बसली ती उठेना. तिला धाप लागली होती, आणि पाय असे सुजले होते की चपलेचे पट्टे रुतले होते.

वॉर्डात डॉक्टरांनी खाण्याबद्दल विचारलं. मी आणि काकांनी एकदमच तोंड उघडलं. ते म्हणाले, तुम्ही नाही, त्यांनी सांगायचं. काकूने सगळं सांगितलं. कढण, लिंबू, पुड्या. वहीतल्या खुणा ती रात्रीच्या भांड्यांनंतर एकदम करून टाकायची. कोशिंबीर पावसाळा लागल्यापासून उकिरड्यावर जात होती, कारण ती खाल्ली की पोट फुगायचं, आणि भूक तर लागतच नव्हती. खारट कढण तेवढं गोड लागायचं.

"मग बोललात का नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणाला सांगू?" काकू म्हणाली. "दोघंही माझ्यासाठीच भांडत होते. खरं बोलले असते तर एक जण हरला असता."

ज्या खोट्या वहीवर तिच्या गोळ्या वाढल्या होत्या, ती मी दिली होती.

काकांनी मात्र अजून हत्यार टाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आपल्या जुन्या वैद्यांकडे निघाले, सैंधवाच्या बाजूने निकाल आणायला. मीही गेले. खरं सांगायचं तर त्यांची जिरलेली बघायला गेले. वैद्य आता ऐंशीच्या पुढचे. खिडकीपाशी बसून मुळ्या निवडत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ऋतुचर्या कुणासाठी सांगितलीय?" त्यांनी विचारलं.

काकांनी सवयीने उत्तर दिलं, "स्वस्थासाठी."

"निरोगी माणसाने निरोगी राहावं म्हणून आहे ती," वैद्य म्हणाले. "रोगी समोर आला की आधी रोग बघायचा, मग ऋतू. सूज असलेल्या बाईला मीठ मी कधी दिलेलं पाहिलंस? पस्तीस वर्षं पुड्या बांधल्यास, पण पुडी कुणाच्या हातात जातेय ते बघितलं नाहीस."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते, तोवर त्यांनी माझ्याकडे मोहरा वळवला. भूक लागते का, हे तिला किती वेळा विचारलंस? मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता. येताना रिक्षात आम्ही काका-पुतणी दोन्ही बाजूंनी बाहेर बघत बसलो.

काकू नऊ दिवस वॉर्डात होती. लघवी वाढवणारी औषधं, मोजून पाणी, बिनमिठाचा मऊ भात आणि मुगाचं वरण, गरम. ते तिला पचत होतं. मी रोज फक्त भूक लागली का ते विचारत होते. काका तिच्या पायाशी स्टुलावर बसायचे. नर्सने त्यांना एक गोष्ट शिकवली होती: नडगीवर अंगठा दाबून धरायचा, उचलल्यावर खळगा राहिला तर सूज आहे. वैद्यांकडून परतल्यावर पहिल्यांदा दाबलं तेव्हा खळगा बराच वेळ तसाच राहिला होता, आणि काका वॉर्डभर माणसं असताना रडले होते. मग रोज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, न चुकता.

नवव्या दिवशी त्यांनी अंगठा उचलला आणि कातडी सपाट झाली. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी दुसरा पाय दाबला, परत पहिला, मग मला बोलावून मलाही दाबायला लावलं.

"पुरे आता," काकू म्हणाली, "दुखतंय मला."

हे मात्र तिने लगेच सांगितलं, आणि आम्ही दोघांनी एकदमच हात काढला.