तेविसाव्या महिन्याचा प्रश्न

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली, पण ऑफरच्या पत्रातल्या एका कलमावर माझं घोडं अडलं. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली, तर ट्रेनिंगच्या खर्चापोटी तीन महिन्यांचा पगार भरायचा, असा तो बाँड होता. नवरा म्हणाला, "सगळेच सही करतात. उगीच फाटे फोडू नकोस." मला रागच आला. भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी आपली माणसं करारापुढे मात्र मुकाट मान डोलावतात.

मी थेट ही नोकरी सुचवणाऱ्या एजन्सीच्या रिक्रूटरबाईंना फोन लावला. "तेविसाव्या महिन्यात सोडली, तरी पूर्ण तीन पगार? कंपनीनेच मला काढलं तर? माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं नूतनीकरण झालं नाही आणि इथे काम करायची परवानगीच गेली तर?"

"हे स्टँडर्ड कलम आहे, मॅडम."

"मग समजावून सांगणं सोपंच असेल," मी म्हटलं.

शेवटी त्यांनी कबूल केलं की त्यांनाही ठाऊक नाही, कंपनीला विचारून सांगतील. "लेखी सांगा," मी बजावलं.

तीन दिवसांनी सुधारलेलं पत्र आलं. आता रक्कम दर महिन्याला कमी होत जाणार होती, आणि कंपनीने काढलं किंवा पास नाकारला गेला, तर काहीच भरायचं नव्हतं. मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मगच सही केली.

संध्याकाळी रिक्रूटरबाईंचा फोन आला. अभिनंदन करून त्या जरा घुटमळल्या.

"माझ्याही करारात असाच बाँड आहे," त्या म्हणाल्या. "तुमचे ते प्रश्न मला लिहून पाठवाल का?"